‘इफ इट विल रेन’: द्राक्ष हंगामातल्या ईमेलमधल्या एका चुकीचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

हे प्रकरण नाशिक जिल्ह्यातल्या एका द्राक्ष निर्यातदाराच्या पॅकहाऊसमधलं आहे. ओळख पटू नये म्हणून नावं आणि काही तपशील गाळले आहेत. इंग्रजी वाक्यं मात्र मुद्दाम होती तशीच ठेवली आहेत, कारण सगळा प्रश्न त्यांचाच आहे.

पॅकहाऊसमध्ये खरेदीदारांशी, बंदरावरच्या एजंटशी आणि वाहतूकदाराशी पत्रव्यवहार करणारी एक समन्वयक होती. तिथे सगळे तिला ताई म्हणत, मीही इथे तसंच म्हणतो. शिक्षण मराठी माध्यमातून, पुढे कॉमर्सची पदवी. कामात चोख. इंग्रजी ईमेल ती स्वतः लिहायची, कुणाकडून उतरवून घ्यायची नाही. नोकरी करणाऱ्या प्रौढांना मी कामापुरतं इंग्रजी शिकवतो. त्या निमित्ताने तिचे पाठवलेले ईमेल माझ्यासमोर आले.

द्राक्षाच्या निर्यातीत ‘जर-तर’ला तोटा नाही. जानेवारी ते एप्रिल हा मुख्य हंगाम. त्या काळात अवकाळी पाऊस आला की तयार घडातले मणी तडकतात, तोडणी थांबवावी लागते, ओला माल पेटीत भरता येत नाही. त्यामुळे खरेदीदाराला जाणाऱ्या जवळजवळ प्रत्येक ईमेलमध्ये एक तरी अट असते. पाऊस पडला तर काय, कंटेनर उशिरा आला तर काय, ऑर्डर आज पक्की झाली तर गाडी कधी भरणार. ताईला हे वाक्य रोज लिहावं लागायचं, आणि ती ते रोज एकाच पद्धतीने चुकवायची.

अडचण काय होती

तिच्या ईमेलमधली ही वाक्यं पाहा.

‘इफ इट विल रेन, वी विल स्टॉप हार्वेस्टिंग.’

‘इफ द कंटेनर विल कम लेट, वी विल कीप द बॉक्सेस इन कोल्ड स्टोरेज.’

‘इफ यू विल सेंड द ऑर्डर टुडे, वी विल लोड ऑन थर्सडे.’

‘व्हेन द ट्रक विल रीच, वी विल इन्फॉर्म यू.’

चारही ठिकाणी पहिल्या भागात साधा वर्तमानकाळ हवा: ‘इफ इट रेन्स’, ‘इफ द कंटेनर कम्स लेट’, ‘इफ यू सेंड’, ‘व्हेन द ट्रक रीचेस’. ‘विल’ फक्त दुसऱ्या भागात. इंग्रजीत गोष्ट पुढची आहे हे मुख्य वाक्य एकदा सांगतं आणि तेवढं पुरतं. अटीच्या भागात आपण पावसाचं भाकीत करत नसतो, पाऊस पडल्याचं क्षणभर धरून चालतो. म्हणून तिथे ‘विल’ला काम उरत नाही. ‘रेन्स’ हे रूप वर्तमानकाळाचं असलं तरी पाऊस उद्याचाच असतो.

या चुकीने नुकसान किती होतं, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. ‘इफ इट विल रेन’ वाचून अर्थ न कळलेला एकही खरेदीदार नव्हता. वाक्य कानाला खटकतं, पण अर्थ पोचतो. तिसऱ्या वाक्याचं तसं नाही. ‘इफ यू विल सेंड’ यातल्या ‘विल’ला इंग्रजीत तयारीचा, राजीखुशीचा अर्थ येतो: ‘तुमची पाठवायची तयारी असेल तर’. ताईला म्हणायचं होतं, ‘तुम्ही आज ऑर्डर पाठवलीत तर आम्ही गुरुवारी गाडी भरू’. हा साधा कामाचा हिशोब. समोरच्याला मात्र त्यात विनंती किंवा थोडी शंका ऐकू येऊ शकते. एका खरेदीदाराने तर उत्तरात लिहिलं होतं की आमची तयारी पूर्वीपासून आहेच, तुम्हाला नेमकं काय हवंय ते सांगा.

पहिला उपाय, आणि त्यातून आलेली नवी चूक

माझ्याकडे येण्याआधी ताईने स्वतःच एक उपाय केला होता. हिशोब पाहणाऱ्या सहकाऱ्याने तिला शाळेतला नियम सांगितला: ‘इफ’ दिसला की ‘विल’ काढायचं. नियम लक्षात ठेवायला सोपा होता. तिने तो मनापासून पाळला. ईमेल पाठवण्याआधी ‘इफ’ शोधायची आणि त्याच्या मागोमाग आलेलं ‘विल’ पुसायची.

आठवडाभर सगळं नीट चाललं. मग तिने न्हावा शेवा बंदरावरच्या एजंटला एक ईमेल पाठवला. जहाज शुक्रवारी लागणार की नाही, हे तिला त्याच दिवशी हवं होतं. कारण त्यावर नाशिकहून कंटेनर कधी हलवायचा ते ठरणार होतं. तिने आधी लिहिलं होतं: ‘प्लीज टेल अस इफ द वेसल विल अराइव्ह ऑन फ्रायडे.’ हे वाक्य बरोबर होतं. पण ‘इफ’च्या पुढे ‘विल’ होतं, म्हणून तिने ते सुधारलं: ‘प्लीज टेल अस इफ द वेसल अराइव्ह्ज ऑन फ्रायडे.’

एजंटने ‘शुअर’ असं उत्तर दिलं आणि तो गप्प बसला. त्याने वाक्य जसं होतं तसं वाचलं: जहाज शुक्रवारी आलं तर आम्हाला कळवा. म्हणजे कळवायचं ते शुक्रवारी, आल्यावर. ताई इकडे उत्तराची वाट पाहत राहिली. कंटेनर ठरल्यापेक्षा एक दिवस उशिरा निघाला. माल थंड करून शीतगृहात होता, त्यामुळे तो खराब झाला नाही आणि जहाजही चुकलं नाही. पण मालकांनी विचारलं की निरोप दिला होता तर उत्तर का नाही. ताईने ईमेल दाखवला. त्यात व्याकरणाची चूक कुणालाच सापडेना, कारण वाक्य म्हणून ते शुद्धच होतं. फक्त तिला विचारायचं होतं ते त्यात नव्हतं.

माझ्या मते या प्रकरणाचा गाभा हा आहे. ‘इफ’नंतर ‘विल’ नको हा नियम अर्धाच खरा आहे. पूर्ण मानून तो पाळला तर बरोबर वाक्यंही बिघडतात, आणि ही बिघडलेली वाक्यं पकडायला जास्त अवघड असतात.

चूक मुळात येते कुठून

पर्याय ठरवण्याआधी ताई असं का लिहिते हे पाहणं गरजेचं होतं. मी तिला म्हणालो, ‘ताई, इंग्रजी बाजूला ठेवा. हे मालकांना फोनवर कसं सांगाल ते लिहा.’ तिने लिहिलेल्या मराठी वाक्यांतून तीन गोष्टी दिसल्या.

पहिली म्हणजे ‘पाऊस पडला तर’. इथे मराठी क्रियापद भूतकाळाच्या रूपात आहे. म्हणजे मराठीतही अटीत भविष्यकाळ लागतोच असं नाही. यातून सरळ ‘विल’ येऊ नये. पण ‘पडला’चं ‘रेन्ड’ करावं की काय असा गोंधळ मात्र होतो. ताई मधल्या काळात तसंही लिहून गेली होती: ‘इफ यू सेंट द ऑर्डर टुडे, वी विल लोड.’ हे आणखी धोक्याचं. इंग्रजीत पुढच्या गोष्टीसाठी अटीत भूतकाळ वापरला की ती घडेलसं वाटत नाही, असा सूर लागतो. ऑर्डर मागताना हा सूर नको.

दुसरी, ‘गाडी पोचेल तेव्हा’. इथे मराठीत स्पष्ट भविष्यकाळ आहे, आणि ‘व्हेन द ट्रक विल रीच’ हे त्याचंच शब्दशः इंग्रजी रूप आहे. ‘माल तयार असेल तर’ हेही याच जातीचं. ‘असेल’ दिसलं की हात आपोआप ‘विल बी’कडे जातो. ‘विल’ची सवय मुख्यतः इथून लागते आणि मग ‘इफ’च्या सगळ्या वाक्यांत पसरते, असं मला वर्गातल्या अनेकांच्या लिखाणावरून वाटतं.

तिसरी, ‘जहाज शुक्रवारी येईल की नाही ते कळवा’. मराठीत इथे ‘तर’ नाहीच. मराठी बोलणारा ‘आलं तर कळवा’ आणि ‘येईल का ते कळवा’ यांत कधीच गफलत करत नाही. इंग्रजीत मात्र दोन्हींना ‘इफ’ चालतो. म्हणजे जो फरक ताईला जन्मापासून येत होता, तो शाळेतल्या नियमाने पुसून टाकला होता.

कोणते पर्याय तोलले

एक पर्याय होता नियम तसाच ठेवून त्याला अपवादांची यादी जोडण्याचा. व्याकरणाच्या पुस्तकांत बहुधा असंच असतं. पण ईमेल लिहिताना अपवाद आठवायला आधी हा अपवाद आहे हे कळावं लागतं, आणि ते कळत असतं तर अडचणच नव्हती.

दुसरा पर्याय होता कंडिशनलचे प्रकार पुन्हा शिकवण्याचा: झिरो, फर्स्ट, सेकंड, थर्ड. ताईला ते शाळेपासून माहीत होते. मी गाळलेल्या जागांचा सराव दिला तर तिने एकही जागा चुकवली नाही. त्यातून फार काही कळत नाही, कारण अशा सरावात प्रत्येक वाक्य अटीचंच असतं आणि क्रियापद कंसात दिलेलं असतं. हे वाक्य अटीचं आहे की प्रश्नाचं, हा खरा निर्णय तिथे कधीच घ्यावा लागत नाही.

मालकांना तिसरा पर्याय हवा होता. पंधरा-वीस तयार वाक्यं द्या, ताई त्यातून उचलेल. हंगाम चालू होता, त्यामुळे त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. पण तयार वाक्यं नेहमीच्या कामाला पुरतात. जहाज, पाऊस, तपासणी आणि सुट्टी एकाच दिवशी आली की स्वतःचं वाक्य लागतंच.

चौथा पर्याय होता मराठी वाक्यापासून सुरुवात करण्याचा. भाषा शिकवताना मातृभाषा मध्ये आणू नये असा एक मतप्रवाह आहे, आणि बोलण्याच्या सरावात मीही तो बराच पाळतो. इथे मात्र चुकीचं मूळ मराठीत होतं आणि बरोबर फरकही मराठीतच होता. म्हणून हा पर्याय घेतला. जोडीला अगदी रोज लागणारी काही वाक्यं तयार करून दिली, म्हणजे मालकांची घाई भागली.

प्रत्यक्षात काय केलं

ताईने तिच्याच पाठवलेल्या ईमेलमधली ‘इफ’ आणि ‘व्हेन’ची वाक्यं एका वहीत उतरवली आणि प्रत्येकासमोर मराठीत जे म्हणायचं होतं ते लिहिलं. मग मराठी बाजू पाहून वाक्यांचे गट केले.

ज्या मराठी वाक्यात ‘तर’, ‘तेव्हा’, ‘पर्यंत’ किंवा ‘आल्या आल्या’ होतं, तिथे इंग्रजीत त्या भागाला साधा वर्तमानकाळ. मराठी क्रियापद ‘पडला’ असो, ‘पोचेल’ असो की ‘असेल’, फरक पडत नाही. ‘माल तयार असेल तर गाडी पाठवतो’ याचं ‘इफ द कार्गो इज रेडी, वी विल सेंड द ट्रक’. ‘गाडी पोचेपर्यंत थांबतो’ याचं ‘वी विल वेट अंटिल द ट्रक रीचेस’.

ज्या वाक्यात ‘की नाही’ किंवा ‘का ते’ होतं, तिथे ‘विल’ ठेवायचं आणि ‘इफ’ऐवजी ‘व्हेदर’ लिहायचं: ‘प्लीज टेल अस व्हेदर द वेसल विल अराइव्ह ऑन फ्रायडे.’ ‘इफ’ इथे चूक नव्हता. पण ‘व्हेदर’ लिहिलं की वाचणाऱ्यालाही दुसरा अर्थ काढता येत नाही, आणि ‘इफ’ शोधून ‘विल’ पुसायच्या जुन्या सवयीतूनही वाक्य सुटतं. सांगणे, विचारणे, तपासणे, खात्री करणे, माहीत नसणे अशा क्रियापदांपाठोपाठ ‘इफ’ आला की थांबून हा प्रश्न विचारायचा, एवढं तिने ठरवलं. ‘व्हेदर’लाही एक मर्यादा आहे. ‘पाऊस पडो वा न पडो, गाडी निघेल’ अशा वाक्यात ‘व्हेदर ऑर नॉट इट रेन्स’ असंच येतं, ‘विल’ येत नाही. ताईला हे वाक्य क्वचितच लागायचं, म्हणून त्यावर वेळ घातला नाही.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो एका वाक्यावर, आणि तो जायलाच हवा होता. ताईने वहीत लिहिलं होतं: ‘गुरुवारी पाऊस पडणार असेल तर बुधवारीच तोडणी उरकून घेऊ.’ मराठीत ‘तर’ आहे, म्हणून तिने गटाच्या नियमाने लिहिलं, ‘इफ इट रेन्स ऑन थर्सडे, वी विल फिनिश हार्वेस्टिंग ऑन वेन्सडे.’ लिहून झाल्यावर तीच म्हणाली, ‘सर, पाऊस गुरुवारी पडणार आणि त्यावरून बुधवारी तोडायचं, हे उलटं वाटतंय.’

तिला जे खटकलं ते अचूक होतं. ‘पाऊस पडला तर तोडणी थांबवू’ यात आधी पाऊस, मग थांबणं. साधा वर्तमानकाळ हा क्रम धरून चालतो: अटीतली गोष्ट आधी होते, मग निकालाची. ‘पडणार असेल तर’ मध्ये क्रम उलटा आहे. तोडणी आधी, पाऊस नंतर. अट पावसाची नाहीच, अट आहे आज दिसणाऱ्या पावसाच्या चिन्हाची. म्हणून इंग्रजीत ‘इफ इट इज गोइंग टू रेन ऑन थर्सडे, वी विल फिनिश हार्वेस्टिंग ऑन वेन्सडे’. आणखी साधं म्हणजे ‘इफ रेन इज फोरकास्ट फॉर थर्सडे’. यातही क्रियापद वर्तमानकाळातच आहे, फक्त ते आजच्या अंदाजाबद्दल आहे.

हाच क्रम लक्षात घेतला की ‘इफ’नंतरचं बरोबर ‘विल’ही समजतं. एका खरेदीदाराने लिहिलं होतं, ‘इफ इट विल हेल्प, वी कॅन टेक द शिपमेंट अर्लियर.’ ताईला ती त्याची चूक वाटली. पण माल लवकर घेणं आधी आहे आणि त्याने होणारी मदत नंतरची. म्हणून तिथलं ‘विल’ योग्य आहे. मराठीत आपण म्हणू, ‘त्याने तुमची सोय होणार असेल तर’. पुन्हा तेच ‘णार असेल’.

म्हणून तिसरा गट झाला ‘णार असेल तर’चा. त्यासाठी तिच्यापुरतं ‘इज गोइंग टू’ ठरलं. ‘विल’ चालेल अशा जागा त्यात आहेत, पण कामाच्या ईमेलमध्ये ‘इज गोइंग टू’ने बहुतेक जागा भागतात आणि चुकायची भीती कमी राहते.

फोनवरच्या बोलण्याला हात लावायचा नाही, असं आम्ही ठरवलं. मालक स्वतः खरेदीदारांना ‘इफ यू विल कम टू नाशिक’ म्हणायचे आणि पाहुणे आनंदाने यायचे. बोलताना लगेच खुलासा करता येतो. लेखी निरोप मात्र परत विचारायची सोय नसताना वाचला जातो.

निष्पत्ती

हंगामाच्या शेवटी ‘इफ’ची वाक्यं जवळजवळ सगळी सुधारली होती. एजंटला जाणाऱ्या चौकशीत ‘व्हेदर’ नियमाने येऊ लागला, आणि उत्तरं त्याच दिवशी येऊ लागली. त्याचं श्रेय एकट्या ‘व्हेदर’ला देता येणार नाही. त्या एका दिवसानंतर एजंटही सावध झाला होता.

‘व्हेन’ मात्र चिवट निघाला. ‘व्हेन द ट्रक विल रीच’ हे वाक्य घाईच्या दिवशी परत परत यायचं. याचं कारण वर आलंच आहे. ‘तर’च्या वाक्यात मराठी रूप ‘विल’कडे ढकलतंच असं नाही, ‘तेव्हा’च्या वाक्यात ते जवळजवळ नेहमीच ढकलतं.

काय वेगळं करता आलं असतं

‘व्हेन’ला ‘इफ’च्या आधी घ्यायला हवं होतं. सवयीचं मूळ तिथे होतं, आणि तिथे ‘विल’ काढणं ‘इफ’पेक्षा कितीतरी बिनधोक आहे. ‘व्हेन’चाही प्रश्नार्थी उपयोग आहे (‘टेल अस व्हेन द वेसल विल अराइव्ह’, म्हणजे कधी येईल ते कळवा), पण मराठीत तिथे ‘तेव्हा’ नसून ‘कधी’ असतं, त्यामुळे तो वेगळा ओळखू येतो.

सहकाऱ्याने नियम सांगितला तेव्हा त्यासोबत एक प्रश्न जोडला असता तर शुक्रवारचा घोळ टळला असता: हे वाक्य मराठीत ‘तर’ने म्हणशील की ‘की नाही’ने? तेवढं पुरेसं होतं.

चौकशीच्या ईमेलला मुळात ‘इफ’ लागतच नाही, हेही आधी सुचवायला हवं होतं. ‘विल द वेसल अराइव्ह ऑन फ्रायडे? प्लीज कन्फर्म टुडे.’ सरळ प्रश्न, शेवटी प्रश्नचिन्ह, आणि उत्तर कधी हवं तेही त्यातच. ताई आता बहुतेक वेळा असंच लिहिते.

हंगाम संपताना तिने कार्यालयातल्या जुन्या पत्रांचे मसुदेही तपासायला घेतले. त्यात एक वाक्य होतं: ‘वी शॅल बी ग्रेटफुल इफ यू विल काइंडली सेंड द साइन्ड कॉपी.’ तिने ‘विल’भोवती गोल केला होता आणि समोर मराठीत लिहिलं होतं, ‘कृपया पाठवायची तसदी घ्याल तर’. मग विचारलं, ‘हे काढू का?’ इथे ‘विल’ म्हणजे समोरच्याची तयारी, आणि विनंतीत तोच अर्थ हवा असतो. वाक्य जुन्या वळणाचं असलं तरी शुद्ध आहे. तिने गोल खोडला आणि मसुदा तसाच ठेवला.